एक रुग्ण वाढला, तर ताण किती वाढतो?

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांत एक वाक्य हमखास सापडतं: 'कामाचा भार आणि ताण यांच्यात लक्षणीय धन सहसंबंध आढळला.' पुढे कंसात r चा आकडा असतो, समजा ०.८९. तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतात, "म्हणजे एक रुग्ण वाढला तर सिस्टरचा ताण किती वाढेल?" विद्यार्थिनी पुन्हा ०.८९ सांगते. पण r हा आकडा त्या प्रश्नासाठी काढलेलाच नसतो. त्याचं उत्तर रिग्रेशन देतं. आणि या दोन्ही आकड्यांच्या आधी आणखी एक प्रश्न येतो, जो परीक्षकही पुष्कळदा विसरतात: 'कामाचा भार' म्हणून आपण मोजलं तरी काय?

आठ सिस्टरांचा एक छोटा तक्ता घेऊ. आकडे शिकवण्यासाठी रचलेले आहेत, कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत हिशेब व्हावा म्हणून. 'रुग्ण' म्हणजे गेल्या महिन्यात एका पाळीत सरासरीनं सांभाळलेले रुग्ण. ताण मोजायला शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या 'पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल'ची दहा प्रश्नांची आवृत्ती वापरली आहे असं धरू. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ० ते ४०. ही प्रश्नावली गेल्या महिन्याबद्दल विचारते, म्हणून रुग्णसंख्याही त्याच महिन्याची हवी. आजच्या पाळीतले रुग्ण आणि महिन्याभराचा ताण अशी जोडी लावली, तर पुढचं गणित कितीही बिनचूक केलं तरी उपयोग नाही.

| सिस्टर | रुग्ण | ताण |
|---|---|---|
| अ | ४ | १२ |
| ब | ६ | १९ |
| क | ७ | १५ |
| ड | ८ | २२ |
| इ | ८ | १८ |
| फ | ९ | २४ |
| ग | १० | २१ |
| ह | १२ | २९ |

सूत्राला हात घालण्याआधी आलेखाच्या कागदावर हे आठ ठिपके मांडावेत: आडव्या अक्षावर रुग्ण, उभ्या अक्षावर ताण. ठिपके डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसतात, थोडे विस्कटलेले, पण साधारण एका सरळ पट्ट्यात. हे बघणं सोडून चालत नाही. पिअरसनचा r फक्त सरळ रेषेतलं नातं मोजतो. ताण आधी वाढून मग एका पातळीवर थांबत असेल, किंवा सात ठिपके विखुरलेले आणि एकच लांब असेल, तर r चा आकडा ते सांगणार नाही. कागद सांगेल.

आता हिशेब. रुग्णांची सरासरी ८ आणि ताणाची २०. प्रत्येक सिस्टर या दोन्ही सरासऱ्यांपासून किती दूर आहे ते काढायचं आणि त्या दोन अंतरांचा गुणाकार करायचा. 'अ' सिस्टरकडे सरासरीपेक्षा ४ रुग्ण कमी आणि तिचा ताण ८ गुणांनी कमी, म्हणून (−४) × (−८) = ३२. 'ह' सिस्टर दोन्हीकडे वर आहे: ४ × ९ = ३६. 'ड' आणि 'इ' यांच्याकडे बरोबर सरासरीइतके रुग्ण आहेत, त्यांचे गुणाकार शून्य. दोन्ही अंतरं एकाच दिशेला असली की गुणाकार धन येतो, उलट दिशांना असली की ऋण. आठही जणींची बेरीज येते ८१. रुग्णांच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ४२, ताणाच्या अंतरांच्या वर्गांची १९६. ४२ आणि १९६ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ९०.७ आणि ८१ भागिले ९०.७ म्हणजे ०.८९. हाच r.

या भागाकारात एकक उडून जातं. शिवाय r नेहमी −१ ते +१ मध्येच राहतो. ताण ४० पैकी न मोजता १०० पैकी मोजला तरी r तोच येईल. ठिपके रेषेला किती चिकटून आहेत एवढंच तो सांगतो, रेषा किती चढती आहे हे सांगत नाही. 'एक रुग्ण वाढला तर किती' हे त्याला विचारून उपयोग नाही, ते यामुळेच.

चढ काढायला तेच ८१ घ्यायचे, पण भागायचं फक्त रुग्णांच्या ४२ नं. उत्तर १.९३. म्हणजे या आठ जणींत, एकीकडे दुसरीपेक्षा एक रुग्ण जास्त असेल तर तिचा ताण सरासरीनं सुमारे १.९ गुणांनी जास्त आहे. परीक्षकांना हवा होता तो हा आकडा. रेषा दोन्ही सरासऱ्यांच्या बिंदूतून, म्हणजे ८ रुग्ण आणि २० ताण यातून जाते. त्यावरून तिचा स्थिरांक निघतो: २० वजा (१.९३ × ८), साधारण ४.५७. पूर्ण समीकरण असं:

```
ताण = 4.57 + 1.93 × रुग्ण
```

'ब' सिस्टरकडे ६ रुग्ण आहेत. रेषेप्रमाणे तिचा ताण १६.१ असायला हवा, प्रत्यक्षात तो १९ आहे. हा २.९ चा फरक म्हणजे तिचा अवशेष. 'क' सिस्टर उलट रेषेच्या तीन गुण खाली आहे. रेषा अशी निवडलेली असते की सगळ्या अवशेषांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी यावी. विद्यार्थ्यांनी अवशेषांची यादी छापून समोर ठेवावी असं मला मनापासून वाटतं. 'ब'चा ताण जास्त का, 'क'चा कमी का, हे प्रश्न त्या यादीतूनच सुचतात.

एक्सेलमध्ये हे तीन ओळींत होतं. रुग्ण A2 ते A9 मध्ये आणि ताण B2 ते B9 मध्ये असेल तर:

```
=CORREL(A2:A9,B2:B9)
=SLOPE(B2:B9,A2:A9)
=INTERCEPT(B2:B9,A2:A9)
```

खालच्या दोन ओळींत ताण आधी आहे, रुग्ण नंतर. CORREL ला क्रमाचा फरक पडत नाही, SLOPE ला पडतो. उलट लिहिलं तर उत्तर ०.४१ येतं, आणि एक्सेल कुठलीही चूक दाखवत नाही. तो दुसऱ्याच प्रश्नाचा आकडा आहे: ताणाच्या एका गुणामागे रुग्ण किती जास्त. ओळखायची खूण सोपी. सरासरी रुग्णसंख्या समीकरणात घाला. सरासरी ताण परत आला नाही, तर कुठेतरी अदलाबदल झाली आहे.

रेषेला तिच्या हद्दीबाहेर ओढू नये. आपल्याकडे ४ ते १२ रुग्णांचीच माहिती आहे. वीस रुग्णांचा ताण काढायला गेलं तर उत्तर येतं ४३, आणि प्रश्नावलीचा कमाल गुण आहे ४०. शून्य रुग्णांना ४.५७ ताण हेही तसंच. त्याचं काम रेषेला उंची देण्यापुरतं, त्यातून 'रुग्ण नसतानाचा ताण' वाचू नये.

शिवाय ही फक्त आठ माणसं आहेत. p चं मूल्य ०.०५ च्या बरंच खाली येतं खरं, पण r ची ९५ टक्के विश्वासमर्यादा काढली तर ती साधारण ०.५१ ते ०.९८ इतकी रुंद निघते, आणि चढाची सुमारे १ ते २.९. एका रुग्णामागे एक गुण की तीन, एवढी मोठी शंका शिल्लक असताना प्रबंधात नुसतं 'लक्षणीय' लिहिणं अपुरं आहे. मर्यादा छापायलाच हव्यात.

कारण आणि सहसंबंध यांतला फरक वर्गात सगळ्यांना पाठ असतो, लिहिताना मात्र 'जास्त रुग्णांमुळे ताण वाढतो' असं सहज उतरतं. समजा या आठ जणींत नवख्या सिस्टरांनाच गर्दीच्या वॉर्डात टाकलं जात असेल, आणि नवखेपणाचाही ताण असेल, तर १.९३ मध्ये दोन्ही मिसळलेले आहेत. परिचारिकांच्या मनुष्यबळाबद्दलचा लिंडा एकेन यांचा २००२ सालचा गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या १६८ रुग्णालयांवर बेतलेला होता. तिथे प्रत्येक वाढीव रुग्णामागे परिचारिका पार थकून जाण्याची शक्यता, शक्यता-गुणोत्तराच्या हिशेबात, २३ टक्क्यांनी जास्त आढळली. त्यांचं रिग्रेशन वेगळ्या प्रकारचं, लॉजिस्टिक होतं, पण प्रश्न तोच: एक रुग्ण वाढला तर किती? त्यांनी परिचारिकांच्या आणि रुग्णालयांच्या इतर गुणधर्मांचा हिशेब त्यात धरला होता. आपल्या साध्या रिग्रेशनमध्ये एकच कारण मावतं, बाकीची सगळी अवशेषांत तरी जातात, नाहीतर चढात लपतात.

आता तक्त्यात नववी सिस्टर घालू. ती आयसीयूतली. तिच्याकडे फक्त ३ रुग्ण, ताण ३२. हिशेब पुन्हा केला की r ०.८९ वरून ०.१९ वर येतो आणि चढ १.९३ वरून ०.४३ वर. एका व्यक्तीनं एवढा फरक पडतो, कारण तिची रुग्णसंख्या सगळ्यांत कमी आणि ताण सगळ्यांत जास्त आहे. रेषेच्या टोकाशी बसून ती सगळी रेषा आपल्याकडे खेचते. ठिपक्यांचा कागद काढला असेल तर हे एका नजरेत दिसतं: वर डाव्या कोपऱ्यात एकटा ठिपका.

इथे सल्ला मिळतो, 'आउटलायर आहे, काढून टाक.' मला हा सल्ला मुळीच मान्य नाही. आधी तपासायचं ते तिचा फॉर्म. या प्रश्नावलीत ४, ५, ७ आणि ८ हे चार प्रश्न सकारात्मक अर्थाचे आहेत, त्यांचे गुण उलटे द्यायचे असतात. ते राहून गेलं असेल तर बेरीज चुकते. पण समजा फॉर्म बरोबर आहे. मग तिचा आकडा खरा आहे, आणि चूक आडव्या अक्षावर आहे. व्हेंटिलेटरवरच्या तीन रुग्णांचं काम हे जनरल वॉर्डातल्या तीन रुग्णांचं काम नव्हे. सक्शन, दर तासाच्या नोंदी, इन्फ्युजन पंप, कूस बदलणं, दाराशी थांबलेले नातेवाईक, यातलं काहीच रुग्णसंख्येत मोजलं जात नाही. आपण कामाचा भार मोजला असं म्हणत डोकी मोजली.

यातून दोन प्रामाणिक वाटा निघतात. अभ्यास जनरल वॉर्डापुरता ठेवायचा, तसं शीर्षकात लिहायचं, आणि आयसीयूतली सिस्टर का वगळली हे सांगून दोन्ही r छापायचे. किंवा भार मोजायचं साधनच बदलायचं. अतिदक्षता विभागासाठी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर' वेळेवर आधारलेला आहे. एका रुग्णाचा गुण १०० आला, तर त्या रुग्णानं चोवीस तासांत एका पूर्ण परिचारिकेचा वेळ घेतला असा अर्थ. मूळ साधन आयसीयूचं असल्यानं जनरल वॉर्डात ते वापरताना आधी लहान चाचणी घ्यावी लागेल आणि गाइडशी बोलावं लागेल. पण तसं मोजल्यावर नववी सिस्टर आडव्या अक्षावर उजवीकडे सरकेल. ती बाकीच्यांच्या रेषेजवळ येते का, हे मग आकडे गोळा करूनच कळेल.