सहा भोकं आणि तीन मिलिमीटर

पंपाचं एक ॲल्युमिनियमचं झाकण डोळ्यांसमोर आणा. बाहेरचा व्यास 144 मिलिमीटर, आणि कडेने बोल्टची सहा भोकं, 120 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. गिऱ्हाईक सांगतं, भोकांचं वर्तुळ 126 करा.

झाकण पॅरामेट्रिक पद्धतीने काढलेलं असेल, तर आकाराबरोबर तो कसा घडला हेही संगणकात जपलेलं असतं : आधी स्केच, मग जाडी, मग भोकं, शेवटी कडांची गोलाई, म्हणजे फिलेट. या पायऱ्यांच्या यादीला ‘ट्री’ म्हणतात. बाहेरचा व्यास ‘भोकांचं वर्तुळ अधिक 24’ असा बांधून ठेवला असेल, तर 120 खोडून 126 लिहायचं. सहाही भोकं तीन-तीन मिलिमीटर बाहेर सरकतात, कड 150 वर जाते. अशा झाकणाचे पाच आकार करायचे असतील, तर मी दुसऱ्या पद्धतीचा विचारही करणार नाही.

मात्र ट्री बांधणाऱ्याने विचार केलेला हवा. भोकांची जागा एखाद्या फिलेटच्या कडेपासून मोजली असेल आणि ते फिलेट कुणी काढून टाकलं, तर भोकांचा आधारच जातो आणि ट्रीमध्ये चुकीच्या खुणा दिसू लागतात. मूळ माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर ती गुंतागुंत सोडवण्यात दिवस जातो.

आता तेच झाकण भोसरीतल्या एखाद्या साचेवाल्याकडे STEP फाईल म्हणून येतं. तिच्यात नुसता आकार असतो, सहसा ट्री नसते. पाना फिरायला जागा हवी म्हणून झाकणावरचा एक उंचवटा, कारखान्यातला ‘बॉस’, चार मिलिमीटर सरकवायचा आहे. इथे डायरेक्ट मॉडेलिंग. बॉसच्या भिंती निवडायच्या आणि ओढायच्या, शेजारचे पृष्ठभाग त्यांच्याबरोबर जुळवून घेतात. अडतं ते बहुधा फिलेटपाशी. बॉस शेजारच्या रिबच्या इतका जवळ गेला की गोलाईला जागाच उरत नाही, तर सॉफ्टवेअर नकार देतं. अशा वेळी फिलेट आधी काढायचं, बॉस सरकवायचा आणि मावेल तेवढ्या त्रिज्येचं फिलेट पुन्हा द्यायचं.

खरा धोका दोन्ही पद्धती मिसळल्यावर असतो. अनेक पॅरामेट्रिक सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभाग थेट सरकवता येतो, पण ते सरकवणं ट्रीच्या शेवटी आणखी एक पायरी म्हणून बसतं. घाईत कुणी आपल्या झाकणाची कड अशी तीन मिलिमीटर बाहेर ओढली, तर स्केचमध्ये 144 तसंच राहतं आणि माल निघतो 150 चा. सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्केच उघडून 146 करतो. त्याला 146 हवं असतं, मिळतं 152. म्हणून परक्या ट्रीला हात लावण्याआधी तयार आकारावर माप घ्या आणि ते स्केचमधल्या आकड्याशी ताडून पाहा. फरक दिसला, तर ट्री शेवटाकडून एकेक पायरी मागे न्या. ज्या पायरीवर 150 चं 144 होतं, तिथे ती ओढलेली कड सापडते.