चित्र फाटू नये, माउसही जड होऊ नये

जुन्या 60 हर्ट्झच्या मॉनिटरवर गेम खेळताना कॅमेरा झर्रकन फिरवला, की समोरचा खांब मधोमध तुटल्यासारखा दिसतो. मॉनिटर चित्र वरून खाली, ओळीओळीने रंगवतो आणि एका फेरीला साधारण 16.7 मिलिसेकंद घेतो. फेरी निम्म्यावर असताना ग्राफिक्स कार्डाने नवी फ्रेम पुढे केली, तर खालचा भाग तिचा येतो. नव्या धर्तीचे मॉनिटर कार्डाच्या चालीनुसार आपली फेरी मागेपुढे करतात. जुन्यांची चाल ठरलेली असते.

व्हीसिंक लावलं की नवी फ्रेम फेरी संपेपर्यंत थांबते आणि फाटणं बंद होतं. पण माउस जड वाटू लागतो. कार्ड जोरकस असेल, तर तयार फ्रेमची रांग लागते. पडद्यावर येणारी फ्रेम दोन-तीन फेऱ्या आधीच्या हालचालीवरून बनलेली असते. खेळणाऱ्याला खरा त्रास या रांगेचा होतो.

ती लागूच न देण्याचा उपाय म्हणजे व्हीसिंक चालू ठेवून फ्रेमना मॉनिटरच्या किंचित खाली मर्यादा घालणं. ‘किंचित’ किती, यावर सगळं अवलंबून आहे. मॉनिटरवर 60 लिहिलेलं असलं, तरी खरा आकडा बऱ्याचदा वेगळा असतो. तो testufo.com वर काही मिनिटं मोजू द्यावा. समजा, 59.951 आला. मग मर्यादा 60 ठेवली, तर फ्रेम मॉनिटरपेक्षा जास्त बनतात आणि रांग हळूहळू पुन्हा भरते. 59 ठेवली, तर जवळपास दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा दिसते आणि हलता देखावा अडखळतो. 59.941 ठेवली, की हा अडखळा सुमारे 100 सेकंदांनी एकदाच येतो; तो सहसा जाणवतही नाही.

RTSS या मोफत प्रोग्रामच्या Profiles फोल्डरमधल्या Global फाइलमध्ये ही मर्यादा अशी लिहितात:

```
[Framerate]
Limit=59941
LimitDenominator=1000
```

माउस हलका झाल्याचं लगेच हाताला कळतं. मात्र कार्डाला 60 चा वेग झेपायला हवा. एखादी फ्रेम 16.7 मिलिसेकंदांत तयार झाली नाही, तर ती पुढच्या फेरीची वाट पाहते आणि आधीची फ्रेम 33.3 मिलिसेकंद तशीच राहते. RTSS मध्येच फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख दिसतो. तिथली रेषा सपाट राहण्याऐवजी वारंवार उसळत असेल, तर मर्यादेशी खेळत बसू नये. आधी सावल्या आणि प्रतिबिंबं यांची पातळी उतरवावी. स्पर्धात्मक नेमबाजीत मात्र माझं मत वेगळं आहे: तिथे व्हीसिंक बंदच ठेवावं आणि फाटकं चित्र सोसावं. या मार्गाने उशीर कमी होतो, पण व्हीसिंक नसतानाइतका नाही.