कागदावर लीज, हिशेबात कर्ज

शिरोलीच्या किंवा चाकणच्या एमआयडीसीत कुणी म्हटलं, 'सीएनसी मशीन लीजवर आणलंय', तर एवढ्यावरून त्याच्या डोक्यावर कर्ज चढलं की नाही, हे काही समजत नाही. मालकी तर दोन्ही प्रकारांत लीज देणाऱ्या कंपनीचीच असते. फरक असतो तो मशीनची जोखीम आणि त्यापासून मिळणारा लाभ कुणाकडे गेला, यात. हे दोन्ही जवळपास पूर्णपणे घेणाऱ्याकडे गेले, तर ते फायनान्स लीज. नाहीतर ऑपरेटिंग लीज. लहान-मध्यम कंपन्यांना लागू असलेलं लेखामानक १९ हीच कसोटी लावतं आणि कराराच्या मथळ्यावर काय छापलंय याला किंमत देत नाही.

म्हणून करार हातात आला की आधी शेवटची पानं वाचावीत. मुदत संपल्यावर मशीन नाममात्र रकमेत आपल्या नावावर होणार आहे का? मधेच परत करायचं ठरवलं, तर उरलेले सगळे हप्ते भरावे लागतात का? मुदत मशीनच्या आयुष्याइतकी लांब आहे का? अशी कलमं असतील, तर वर 'भाडेकरार' लिहिलेला असला तरी ती उधारीची खरेदीच असते.

आता एक काल्पनिक उदाहरण पाहू. मशीनची किंमत ३० लाख. पहिला करार पाच वर्षांचा, वर्षाअखेर ७ लाख ९१ हजारांचा हप्ता आणि शेवटी हजार रुपयांत मशीन आपलं. यात दडलेला व्याजदर साधारण १० टक्के. दुसऱ्या करारात तीन वर्षं, दरसाल ६ लाख भाडं आणि मग मशीन परत. त्याच दराने या तीन भाड्यांचं आजचं मूल्य जेमतेम १५ लाख भरतं, म्हणजे मशीनच्या किमतीच्या निम्मं. उरलेल्या निम्म्याचं काय होईल, ही चिंता देणाऱ्याची. पहिला करार फायनान्स लीज, दुसरा ऑपरेटिंग.

पहिल्या करारात ताळेबंदाच्या एका बाजूला ३० लाखांचं मशीन येतं, दुसऱ्या बाजूला ३० लाखांचं देणं. पहिल्या वर्षी जो हप्ता जातो, त्यातले ३ लाख व्याज असतं आणि सुमारे ४ लाख ९१ हजारांनी देणं कमी होतं. हप्ता जसाच्या तसा खर्चात टाकायचा नसतो. खर्चात जातं ते व्याज आणि मशीनचा घसारा. आयुष्य पंधरा वर्षं धरलं आणि भंगाराची किंमत बाजूला ठेवली, तर घसारा २ लाख, म्हणजे वर्षाचा खर्च ५ लाख. दुसऱ्या करारात मशीन ताळेबंदात येतच नाही. ६ लाख भाडं नफा-तोटा पत्रकात लिहिलं की झालं. पुढच्या वर्षांची बांधील भाडी फक्त टिपांमध्ये दाखवायची.

भाडं चढतं असेल, तर मात्र अनेक अकाउंटंट इथेच फसतात. ५, ६ आणि ७ लाख असा करार असला, तरी एरवी काही वेगळं कारण नसेल तर खर्च दरसाल ६ लाखच दाखवावा लागतो. पहिल्या वर्षी दिलेले ५ आणि खर्चात धरलेले ६ यांतला १ लाख देणं म्हणून उभा राहतो.

खरी ओढाताण असते बँकेपुढे. कंपनीचं स्वतःचं भांडवल ४० लाख आणि आधीचं कर्ज ५० लाख असेल, तर कर्जाचं प्रमाण सव्वापट. फायनान्स लीज धरली की करार झाल्या दिवशीच ते दुप्पट होतं. म्हणूनच नाव 'ऑपरेटिंग' ठेवण्याचा मोह होतो. मुरलेला बँक अधिकारी मात्र करार मागवून तेच शेवटचं पान उघडतो.

आयकराचं गणित आणखी निराळं. पुस्तकात घसारा घेणाऱ्याने लिहिला, म्हणून करातही तो त्यालाच मिळतो असं नाही. वाहनांच्या लीजच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घसाऱ्याचा हक्क मालक असलेल्या लीज कंपनीला दिला. त्यामुळे कंपनीची पुस्तकं आणि कराचं विवरण यांत फरक पडतो आणि तो दरवर्षी जुळवत बसावं लागतं.

मोठ्या कंपन्यांपुरता हा भेद १ एप्रिल २०१९ पासून बराचसा मिटला. शेअर बाजारातल्या किंवा २५० कोटींहून अधिक नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना इंड एएस ११६ लागू होतं. त्यात घेणाऱ्याने बारा महिन्यांपर्यंतची किंवा किरकोळ किमतीच्या वस्तूंची लीज सोडून बाकी सगळी ताळेबंदावर आणायची असते. अशी कंपनी आपला तीन वर्षांचा करार करील, तर ती सुमारे १५ लाखांचा 'वापराचा हक्क' मालमत्तेत दाखवील आणि तेवढंच देणं. लीज देणाऱ्यासाठी मात्र दोन्ही प्रकार अजून कायम आहेत. ऑपरेटिंग लीजवर दिलेलं मशीन त्याच्याच ताळेबंदात राहतं आणि घसाराही तोच लिहितो. त्यामुळे एकाच मशीनचा माग आता दोन ताळेबंदांत दिसतो, एकीकडे मशीन म्हणून आणि दुसरीकडे ते वापरायचा हक्क म्हणून.