दाराबाहेरचा चहा

मुलाखतीची वेळ साडेदहाची होती. पावणेबारा होत आले तरी प्राचार्यांच्या दालनाचं दार उघडलेलं नाही. बाहेरगावचे विषयतज्ज्ञ अजून वाटेत आहेत आणि त्यांच्याशिवाय निवड समितीला बसता येत नाही. मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात भूगोलाच्या सहायक प्राध्यापकाची एक जागा भरायची आहे. व्हरांड्यातल्या बाकांवर अकरा उमेदवार बसलेत. प्रत्येकाच्या मांडीवर जाडजूड फाइल, तिच्यात मूळ प्रमाणपत्रं आणि झेरॉक्सचे संच. टोकाच्या बाकावर उदगीरहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या एक बाई आहेत. त्यांच्या शेजारी मिरजेचा एक तरुण, रात्रभर प्रवास करून सकाळीच उतरलेला. बाई पिशवीतून थर्मास काढतात, झाकणात चहा ओततात आणि म्हणतात, "सर, घ्या थोडा. घरचा आहे."

"नको मॅडम, तुम्हालाच पुरायचा नाही."

"दोन कप आहे. एकटीनं सगळा प्यायले तर आत बसवणार नाही मला."

हे दोघं कल्पनेतले आहेत, पण असा व्हरांडा, असा उशीर आणि एकमेकांना आधीपासूनच 'सर' आणि 'मॅडम' म्हणणारे उमेदवार महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयात भरतीच्या दिवशी भेटतील. जागा एकच आहे. एकाला मिळाली तर दुसऱ्याची गेली, हे दोघांनाही ठाऊक आहे. तरीही चहा वाटला जातो, आणि चहाबरोबर भीतीही. हे का घडतं आणि त्यानं खरोखर काही फरक पडतो का, याचा विचार व्हायला हवा, कारण उमेदवाराचा त्या दिवशीचा सगळ्यात मोठा वेळ दाराच्या आत जात नाही, बाहेर जातो.

आधी हे दोघं त्या बाकापर्यंत कसे आले ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत महाविद्यालयीन उमेदवारांसाठी शंभर गुणांचा एक तक्ता दिलेला आहे. आपली ही मुलाखत त्या विनियमांप्रमाणे चाललेली आहे असं धरू. बाईंना पदवीला आणि पदव्युत्तरला पहिला वर्ग आहे, दोन्हीकडे साठ ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान. त्याचे अनुक्रमे 19 आणि 23 गुण. पीएच.डी.चे 25, सेट उत्तीर्ण असल्याचे 5, तीन शोधनिबंधांचे 6 आणि पाच वर्षांच्या पूर्णवेळ अध्यापनाचे 10. बेरीज 88. मिरजेच्या तरुणाला दोन्ही परीक्षांत ऐंशीच्या वर टक्के आहेत, म्हणून 21 आणि 25. नेटबरोबर जेआरएफ मिळाल्यामुळे 10. पीएच.डी. चालू आहे, अनुभव नाही, निबंध छापून आलेला नाही. त्याची बेरीज 56.

म्हणजे दोघांत 32 गुणांचं अंतर आहे. पण त्याच विनियमांत असंही म्हटलं आहे की हे गुण फक्त मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरवण्यापुरते धरायचे आणि निवड केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर करायची. बाईंनी दहा-बारा वर्षांत जमवलेलं अंतर या बाकापाशी येऊन संपतं. ज्याला हे कळलेलं असतं त्याचे हात व्हरांड्यात गार पडतात. बाईंचे पडले आहेत. मला हा नियम उमेदवारावर फार कठोर वाटतो: वर्षानुवर्षांच्या कामाचा निकाल काही मिनिटांच्या बोलण्यावर टाकायचा, आणि त्या मिनिटांच्या आधी माणसाला दीड-दोन तास ताटकळत बसवायचं.

अशा वेळी माणूस दुसऱ्या माणसाजवळ सरकतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले शॅक्टर यांनी हे प्रयोगानं तपासलं आणि 1959 मध्ये पुस्तकरूपानं मांडलं. त्यांनी विद्यार्थिनींना प्रयोगासाठी बोलावलं. काहीजणींना सांगितलं की विजेचे झटके बसतील आणि ते चांगलेच दुखतील. बाकीच्यांना सांगितलं की झटके इतके हलके आहेत की गुदगुल्या झाल्यासारखं वाटेल. मग विचारलं, यंत्रं मांडून होईपर्यंत एकट्या बसणार की इतरांबरोबर? घाबरवलेल्या 32 जणींपैकी 20 जणींनी सोबत मागितली. न घाबरवलेल्या 30 जणींत सोबत मागणाऱ्या फक्त 10 होत्या. झटके कोणालाच दिले नाहीत, निवड कळली की प्रयोग संपत होता.

शॅक्टर तिथे थांबले नाहीत. पुढच्या प्रयोगात सगळ्याच मुलींना घाबरवलं. काहींना सोबत म्हणून त्याच प्रयोगासाठी थांबलेल्या मुली देऊ केल्या आणि काहींना आपल्या प्राध्यापकांना भेटायला थांबलेल्या मुली. दुसऱ्या प्रकारची सोबत कोणालाच नको होती. भ्यालेल्या माणसाला नुसती माणसं पुरत नाहीत, त्याच दारातून आत जाणारं माणूस लागतं. महाविद्यालयाचा शिपाई कितीही प्रेमानं बोलला, घरून भावाचा फोन आला, तरी मिरजेच्या तरुणाला त्या घडीला उदगीरच्या बाईच हव्या असतात.

"मॅडम, तुमची कितवी मुलाखत?"

"मोजायचं सोडून दिलं. तुमची?"

"पहिलीच. काल रात्री बसमध्ये सगळं पाठ होतं. आता हवामानाचे प्रकारसुद्धा आठवेनात."

"आठवतील. मलाही इथं बसलं की काही आठवत नाही. आत पहिला प्रश्न आला की येतं."

वर बाईंनी धीर देण्यासाठी फार काही केलेलं नाही. 'घाबरू नका' असं त्या म्हणाल्या नाहीत. मलाही तसंच होतं, एवढंच त्यांनी सांगितलं. या साध्या वाक्याचं बळ साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सेरा टाउनसेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिलं. त्यांनी भाषण करायला लागणार असलेल्यांच्या जोड्या लावल्या आणि भाषणाआधी मनात काय चाललंय ते एकमेकांशी बोलायला लावलं. ज्या जोडीतल्या दोघांची मनःस्थिती सारखी होती, त्यांच्यात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण इतरांच्या मानानं कमी राहिलं. एक भ्यालेला आणि एक बिनधास्त अशी जोडी असेल तर तो फायदा दिसत नव्हता. सराईतपणे 'काही नसतं हो त्यात' म्हणणारा शेजारी धीर देत नाही, उलट आपणच कच्चे आहोत असं वाटायला लावतो.

आता चहाकडे वळू. भीतीनं तोंड कोरडं पडतं, कारण शरीर धावपळीच्या तयारीत असलं की पातळ लाळ सुटणं कमी होतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात, लघवीला सारखं जावंसं वाटतं. चहातलं कॅफिन अर्ध्या तासापासून तासाभरात रक्तात सर्वाधिक असतं आणि धडधड वाढवण्याची त्याची जातच आहे. सवय असलेल्याला अर्धा कप चहा हुशारी देतो. रिकाम्या पोटी, जागरणानंतर, सवयीपेक्षा दुप्पट घेतलेला चहा हात थरथरायला लावतो, आणि मग उमेदवार त्या थरथरीलाच भीती समजून आणखी घाबरतो. चहाच्या तुरटपणानं कोरड्या तोंडाला आणखी कोरड येते, ते वेगळंच. त्यासाठी पाण्याचे दोन-दोन घोट बरे. बाईंनी दोन कपांचे दोन वाटे केले तेव्हा दोघांच्याही वाट्याला योग्य तेवढाच आला. बरोबर त्यांनी शेंगदाण्याचा लाडू दिला, तो चहापेक्षाही मोलाचा होता, कारण तरुणानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

चहा पिताना बोलणं विषयाकडे गेलं. स्थानिक भूगोल विचारतात का, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. बाईंनी सांगितलं की मांजरा नक्की विचारतील: बालाघाटच्या डोंगरात बीड जिल्ह्यात उगम, लातूरकडून कर्नाटकात, पुढे तेलंगणात आणि शेवटी गोदावरीला. तो म्हणाला, "आमच्या मिरजेवरूनच पाणी आलं होतं ना लातूरला, रेल्वेनं?" एप्रिल 2016 मधली ती गोष्ट. मांजरा धरण आटलं होतं आणि मिरजेहून टँकरच्या वाघिणी भरून लातूरला पाणी न्यावं लागलं. ते पाणी भरताना त्यानं स्टेशनात जाऊन पाहिलं होतं, बाईंनी लातूरच्या बहिणीकडे घागरींची रांग पाहिली होती. पंधरा मिनिटं दोघंही घड्याळाकडे बघायला विसरले.

सव्वाबाराला विषयतज्ज्ञ आले. यादीत तरुण चौथा होता, बाई नवव्या. पहिला उमेदवार बाहेर आला तेव्हा सगळे त्याच्याभोवती जमले, "काय विचारलं, काय विचारलं?" या गर्दीलाही अर्थ आहे. जेम्स कुलिक आणि हाइक माहलर यांनी 1987 मध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना खोलीत शस्त्रक्रिया होऊन गेलेला सोबती मिळाला होता, ते आदल्या रात्री कमी घाबरलेले होते, नंतर लवकर हिंडूफिरू लागले आणि लवकर घरी गेले. शस्त्रक्रियेची वाट पाहणारा सोबती मिळालेल्यांना तेवढा लाभ झाला नाही. दारापलीकडे काय आहे ते सांगणारा माणूस आपल्याइतक्याच भ्यालेल्या माणसाहून उपयोगी ठरतो. शॅक्टरांच्या मुलींना अशी, जाऊन आलेली सोबत मिळण्याची सोयच नव्हती.

अर्थात तो काय सांगतो यावर सारं अवलंबून आहे. पहिला उमेदवार रडवेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "काही खरं नाही, फार उलट घेतात," आणि निघून गेला. त्यातून कोणाला काहीच कळलं नाही, फक्त बाकावरची कुजबुज थांबली.

तरुण वीस मिनिटांनी बाहेर आला. तो सरळ जाऊ शकला असता, परतीची गाडी गाठायची होती. तो बाईंच्या शेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात सांगू लागला. "मॅडम, आत सहा-सातजण आहेत. खुर्ची टेबलापासून लांब आहे, आवाज मोठा ठेवा. पंखा जोरात आहे, कागद हातात सुटे ठेवू नका. उजवीकडचे सर मधेच तोडतात, पण रागानं नाही, त्यांची पद्धतच तशी आहे. थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. पाणी ठेवलंय, विचारून घेतलं तर चालतं."

"आणि प्रश्न?"

"मांजरा विचारली. तुमचंच सांगितलं. मग म्हणाले, लातूरच्या पाण्याचं वर्गात कसं शिकवाल? तिथं मी अडकलो. मी नुसती रेल्वेची माहिती दिली. त्यांना मुलांकडून काय करून घ्याल ते हवं होतं. तुम्ही पाच वर्षं शिकवलंय, तुम्हाला येईल ते."

बाईंनी फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं: विद्यार्थ्यांकडून गावातल्या विहिरींची पाणीपातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजून घ्यायची, नकाशावर मांडायची, उसाखालच्या क्षेत्राशी ताडून पाहायची. तरुणानं वाकून वाचलं आणि सुचवलं, "बोअरची खोलीपण घ्या ना." त्यांनी तेही लिहिलं. आत पाचवा उमेदवार होता, बाईंच्या आधी अजून तिघं बाकी होते, आणि मिरजेची गाडी सुटायला दीड तास होता, म्हणून दोघांनी तो पाठ पहिल्यापासून मांडायला घेतला.