पावसाळ्याच्या बेगमीत फ्लूची लस

मे महिन्यातली संध्याकाळ. पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात पंखे गरगरत होते, तरी माणसं हातातल्या पत्रिकेनं वारा घेत होती. बोलायला उभ्या राहिलेल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "पापड-कुरडया झाल्या? लोणच्याच्या कैऱ्या आल्या? छत्र्या दुरुस्त झाल्या?" माना डोलल्या. "मग फ्लूची लस तेवढी का राहिली?"

पहिल्या रांगेतल्या एका काकांनी लगेच हात वर केला. वय बहात्तर, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू. "मी गेल्या ऑक्टोबरात घेतलीय. वर्ष कुठं झालंय अजून?"

त्यानंतरचं सगळं भाषण या एका प्रश्नाभोवती फिरलं.

बाई म्हणाल्या, "काका, ऑक्टोबर हा अमेरिका-युरोपचा मुहूर्त. तिकडे फ्लूची साथ हिवाळ्यात येते. महाराष्ट्रात मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये येते. जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी येते, ती बहुधा लहान असते." लस टोचल्यावर शरीराला तयारीसाठी सुमारे दोन आठवडे लागतात. पुढचे काही महिने जोर चांगला असतो, मग तो ओसरतो. वय वाढलं की जरा लवकरच ओसरतो. काकांची ऑक्टोबरची लस हिवाळ्यात कामी आली, पण जुलैत तिला नऊ महिने झालेले असतील. म्हणजे ऐन साथीत अंगातली शिबंदी कमी पडणार. "तुम्ही याच महिन्यात पुन्हा घ्या. सात महिन्यांनी घेतल्यानं अपाय होत नाही. आणि इथून पुढे दर वर्षी मे महिनाच धरा."

वर्षाला नवी लस का, याचं दुसरं कारण विषाणूचं. तो सतत रूप पालटतो. जगभरातले नमुने तपासून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते प्रकार घालायचे ते सुचवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी आपली साथ पावसाळ्यातली. म्हणून मे महिन्यात घेताना त्या वर्षाची 'सदर्न हेमिस्फिअर' लस मागावी. खोक्यावर वर्ष आणि गोलार्ध दोन्ही छापलेले असतात. टोचून घेण्याआधी चष्मा लावून ते आणि मुदतीची तारीख वाचावी. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी, म्हणून ती दवाखान्याच्या फ्रिजमधूनच निघालेली बरी.

"पण आमच्या हिला लस घेऊनसुद्धा ताप आलाच की!" मागून आवाज आला. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. विषाणूशी लस नीट जुळली, त्या वर्षी फ्लूमुळे डॉक्टर गाठण्याची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी टळते. वयस्कर माणसांत बहुधा त्याहून कमी. सर्दी-तापाच्या इतर विषाणूंवर तर ती चालतच नाही. इंजेक्शनातला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे लसीनं फ्लू होत नाही. दंड दुखणं, एखादा दिवस कणकण, एवढंच बहुतेकांना होतं.

मग घ्यायची कशासाठी? कारण म्हातारपणी फ्लू छातीपुरता राहत नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण एरवीच्या सहापट दिसलं. मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा विकार असेल, तर दुखणं न्यूमोनियावर जाऊन आयसीयू गाठायची भीती अधिक. तो धोका लस कमी करते. न्यूमोनियाची लस मात्र वेगळी असते. ती घेतली म्हणून ही टळत नाही.

टोचण्याआधी तीन गोष्टी सांगायच्या. आधीच्या लसीनंतर जोराची ॲलर्जी किंवा सहा आठवड्यांत हातापायांची ताकद गेली होती का. आज सडकून ताप आहे का. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. पहिल्या बाबतीत डॉक्टरांनी विचार करूनच ठरवायचं. ताप असेल तर तो उतरल्यावर यायचं. गोळ्या चालू असतील तर बारीक सुई वापरतात आणि ती जागा न चोळता दोन मिनिटं घट्ट दाबून धरायची. लस झाल्यावर पंधरा मिनिटं तिथंच बसायचं.

आणि एक, म्हातारपणी फ्लूला ताप असतोच असं नाही. अचानक जेवण तुटलं, बोलण्यात गोंधळ झाला, तोल गेला, तरी डॉक्टरांना दाखवा. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त लागू पडतं.

काकांनी खिशातल्या डायरीत मे महिन्याचं पान काढून नोंद केली. तुमच्या घरी सत्तरीची माणसं असतील, तर हीच नोंद करा. मे चुकला तर जूनमध्ये घ्या, आणि जुलै उजाडला तरी घ्या. साथ सप्टेंबरपर्यंत चालते.