साधनांची विश्वसनीयता : नामदेवांच्या जन्मस्थळाच्या प्रश्नाच्या निमित्ताने

संत नामदेवांचे जन्मस्थळ कोणते, या प्रश्नाला मराठी अभ्यासात एकच एक उत्तर नाही. हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठी असलेले नरसी हे त्यांचे जन्मगाव होय, अशी दृढ परंपरा आहे. काही अभ्यासक पंढरपूरचा पक्ष घेतात. इंग्रजी व पंजाबी वाङ्मयात मात्र ‘नरसी बामणी’ हे गाव सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ असल्याचे अनेकदा आढळते. या तिन्ही मतांची मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. या एका प्रश्नासाठी अभ्यासकाच्या हाती जी नाना जातींची साधने येतात, त्यांची पारख कशी करावी, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

कऱ्हाडच्या मताचा माग काढू लागल्यास मॅक्स आर्थर मेकॉलिफ यांच्या १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सिख रिलिजन’ या ग्रंथापाशी पोचता येते. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची पदे असल्याने मेकॉलिफ यांनी त्यांचे चरित्र दिले आणि नरसी बामणी कऱ्हाडजवळ असल्याचे म्हटले. आता अशी कल्पना करावी, की एखाद्या विद्यार्थ्याला कऱ्हाडचा उल्लेख सहा ठिकाणी सापडला आणि त्यांपैकी पाच लेखकांनी तो प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मेकॉलिफवरूनच घेतला आहे. अशा वेळी त्याच्या हाती सहा साक्षी नसून फार तर दोन आहेत. हस्तलिखितांच्या संपादनात एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या पोथ्यांना स्वतंत्र प्रमाण मानीत नाहीत. तोच न्याय येथेही लागू होतो. साधन कोणत्या प्रकारचे आहे, हा पहिला प्रश्न. ते विधान कोठून घेते, हा दुसरा आणि अधिक निर्णायक प्रश्न होय.

पहिल्या प्रश्नाचा विचार करताना तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकाला अग्रस्थान द्यावे लागते. परंतु परीक्षणाने काय साधते आणि काय साधत नाही, हेही ओळखले पाहिजे. परीक्षक लेखातील युक्तिवाद, पूर्वसंशोधनाची जाण आणि निष्कर्षांची संगती पाहतो. प्रत्येक तळटीप उघडून मूळ पान तो पाहीलच असे नाही. नामदेवांच्या हिंदी पदांच्या भाषेवरील लेखात जन्मस्थळाचा उल्लेख एका वाक्यात ओझरता आला असेल, तर परीक्षणाचा प्रकाश त्या वाक्यावर बहुधा पडलेला नसतो. म्हणून परीक्षित लेखाचा आधार त्याच्या मध्यवर्ती प्रतिपादनासाठी घ्यावा. प्रास्ताविकातील माहितीसाठी त्याच्या मागे जावे.

प्रीप्रिंट म्हणजे परीक्षणापूर्वीच सार्वजनिक केलेला मसुदा. मराठी अभ्यासात त्याचा जवळचा नातलग म्हणजे परिसंवादात वाचलेला आणि नंतर लेखकाने स्वतःच उपलब्ध करून दिलेला निबंध. परीक्षण न झाल्याने तो त्याज्य ठरत नाही. एखाद्या पोथीची पहिली बातमी त्यातच मिळू शकते. मात्र पुढे तो छापला गेला काय आणि छापताना कोणते विधान गळले किंवा मवाळ झाले, हे ताडून पाहावे. मसुद्यात ‘सिद्ध होते’ आणि छापील लेखात ‘संभवते’ असे आढळले, तर परीक्षणाचे कार्य तेथे दिसते. उद्धृत करताना मसुद्याची तारीख दिलीच पाहिजे.

भक्षक नियतकालिकांची गोष्ट निराळी आहे. तेथे शुल्क घेतले जाते, परीक्षणाचा केवळ देखावा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशींवरून समाविष्ट झालेल्या नियतकालिकांची पाहणी पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केली. ती २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली. तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा तिचा निष्कर्ष होता. पत्ता, संपादकांची नावे यांसारखी प्राथमिक माहितीच नसणे किंवा चुकीची असणे हा मोठा दोष होता. आयएसएसएन क्रमांक आणि प्रभावांक यांविषयीचे खोटे दावे हा दुसरा. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक नियतकालिके यादीतून वगळली. पुढे आलेली ‘केअर’ यादीही आयोगाने बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे पारख करण्याचा भार आता विद्यापीठांवर आणि पर्यायाने अध्यापकांवर आला आहे.

आयएसएसएनची एक प्राथमिक तपासणी कागदावरही करता येते. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८ ते २ यांनी गुणून बेरीज करावी, तिला ११ ने भागावे आणि बाकी ११ मधून वजा करावी. येते ती संख्या आठवा अंक असते. (१० आल्यास त्या जागी रोमन एक्स हे अक्षर येते आणि बाकी शून्य असल्यास शून्य.) ‘करंट सायन्स’चा क्रमांक ००११-३८९१ आहे. त्याची बेरीज ६५, बाकी १० आणि आठवा अंक १. म्हणजे क्रमांक जुळतो. न जुळणारा क्रमांक खोटा किंवा चुकीचा छापलेला होय. परंतु जुळणारा क्रमांक दुसऱ्याच नियतकालिकाचा असू शकतो, आणि तो खरा असला तरी नियतकालिकाची ओळख पटवतो, गुणवत्ता नव्हे. म्हणून संपादक मंडळावरील दोन-तीन अध्यापकांना आपण त्या मंडळावर आहोत हे ठाऊक आहे काय, याची चौकशी करणे अधिक उपयुक्त ठरते.

शासकीय अहवाल, अप्रकाशित प्रबंध, यात्रेच्या स्मरणिका, संस्थानांच्या पुस्तिका या साहित्याला ‘ग्रे लिटरेचर’ असे म्हणतात. नरसीविषयी बरीच स्थानिक माहिती अशाच साधनांत सापडण्याचा संभव अधिक. यांची पारख काळाच्या खुणांवरून करावी. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. तेव्हा १९६७ च्या परभणी जिल्हा गॅझेटियरमध्ये नरसी शोधणे योग्यच. पण एखाद्या पुस्तिकेत ‘१९९१ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्हा’ असे आकडे आले, तर ते तालुक्यांची बेरीज करून काढले आहेत काय, हे विचारावे. तसा खुलासा असेल तर आकडे ग्राह्य. नसेल तर त्या पुस्तिकेतील अन्य तपशीलही सावधपणे घ्यावेत. गावातील पूजाविधी, मौखिक कथा आणि यात्रेची रीत यांसाठी स्मरणिका हे प्रथम दर्जाचे साधन होय. तेराव्या शतकातील जन्माच्या पुराव्यासाठी नव्हे.

मुळापर्यंत गेल्यावरही शोध संपत नाही. नामदेव गाथेत विष्णुदास नामा आदी उत्तरकालीन कवींची रचना मिसळली आहे, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. त्यामुळे आत्मचरित्रपर अभंगांतील उल्लेखही त्या अभंगाची सर्वांत जुनी प्रत कोणत्या काळाची, हे पाहिल्यावाचून नामदेवांची स्वतःची साक्ष ठरत नाही. प्रबंधात लिहिताना म्हणूनच ‘नामदेवांचा जन्म अमुक गावी झाला’ असे म्हणून सहा तळटीपा देण्यापेक्षा, हे मत प्रथम कोठे दिसते, पुढे ते कोणी कोणावरून घेतले आणि कोणती साक्ष स्वतंत्र आहे, हे सांगणे अधिक प्रामाणिक होय. तळटीपांची संख्या त्यामुळे घटेल. परंतु उरलेली प्रत्येक तळटीप खरोखरीची साक्ष असेल.