‘उद्या येते मी!’ म्हणताय? मग जर्मन वाक्य जमेल

पाहुण्या घरून निघताना दारात चपला घालत आपण म्हणतो, “उद्या येते हं मी!” व्याकरणाच्या पुस्तकातलं वाक्य खरं तर “मी उद्या येते” किंवा “उद्या मी येते” असं. पण बोलताना क्रियापद पटकन पुढे येतं आणि ‘मी’ मागे राहतो. मराठीत हे चालतं, कुणाला खटकतही नाही.

जर्मनमध्ये मात्र हे नुसतं चालत नाही, तर हेच करावं लागतं. वाक्याची सुरुवात ‘आज’, ‘उद्या’, ‘सोमवारी’ अशा वेळेच्या शब्दाने केली, की लगेच पुढे क्रियापद हवं आणि ‘मी’ त्याच्या मागे. मॉर्गन म्हणजे उद्या, कॉमं म्हणजे येते किंवा येतो, इश म्हणजे मी. ‘मॉर्गन कॉमं इश’ म्हणजे अगदी शब्दाला शब्द ‘उद्या येते मी’. (‘कॉमं’चा शेवट आपल्या ‘कसं’, ‘घरं’ यांच्यासारखा म्हणा, नाकातून नको.)

मी ऑनलाइन जर्मन शिकवते. वर्गात इंदूर, हैदराबाद, बडोदा, पुणे असे कुठले कुठले मराठी लोक असतात. कुणी नर्सिंग करून तिकडे निघालेलं असतं, कुणाला शिकायला जायचं असतं, तर कुणाचा नवरा तिकडे नोकरीला असतो आणि व्हिसासाठी ए-वन परीक्षेचा दाखला हवा असतो. सगळ्यांची एक चूक मात्र हमखास सारखी असते. ती म्हणजे ‘मॉर्गन इश कॉमं’.

चूक येते कुठून?

मराठी क्रियापद शेवटी ठेवते, म्हणून आपण जर्मन बोलतानाही ते शेवटी टाकत असू, असं तुम्हाला वाटेल. पण तसं फार होत नाही. ‘मी सिनेमा बघते’ याचं जर्मन करताना बहुतेक जण क्रियापद बरोबर मधे आणतात, कारण शाळेतलं इंग्रजी मदतीला येतं. घोटाळा होतो तो वेळ पुढे आली की. इंग्रजीत ‘टुमॉरो आय विल कम’, मराठीत ‘उद्या मी येईन’. दोन्ही भाषा वेळेनंतर लगेच ‘मी’ आणतात. म्हणजे डोक्यातल्या दोन्ही ओळखीच्या भाषा एकाच चुकीकडे ढकलत असतात. मग ‘मॉर्गन इश’ तोंडून निघालं तर नवल काय!

जर्मन माणसाच्या कानात मात्र वेगळा हिशोब असतो. साध्या विधानात क्रियापदाची जागा ठरलेली, दुसरी. पहिल्या जागेवर एकच पाहुणा बसू शकतो. तिथे ‘मी’ बसला तर ‘इश कॉमं मॉर्गन’. तिथे ‘उद्या’ बसला, तर ‘मी’ला उठून क्रियापदाच्या पलीकडे जावं लागतं. क्रियापद स्वतः जागचं हलत नाही. म्हणून ‘वेळ पुढे आली की उलटं करायचं’ असा नियम पाठ करू नका. खिळा क्रियापदाला ठोकलेला आहे, बाकीचे त्याच्याभोवती जागा बदलतात, असं डोळ्यांसमोर आणा.

आपल्या देशातही अशी एक भाषा आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. काश्मिरीतही साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं. त्यामुळे हे काही युरोपचंच खूळ नाही.

दुसरी जागा, दुसरा शब्द नव्हे

इथे अनेक जण अडखळतात. ‘सोमवारी’ हा मराठीत एक शब्द, पण जर्मनमध्ये ‘आम मोनटाग’ असे दोन. मग दुसऱ्या शब्दाच्या जागी क्रियापद कसं आणायचं? आणायचं नाहीच. शब्द मोजू नका, तुकडे मोजा. ‘कधी?’ असा प्रश्न विचारा. त्याचं जेवढं उत्तर एका दमात येतं, तेवढा एक तुकडा. ‘मंगळवारी दहा वाजता’ म्हणजे ‘आम डीन्सटाग उम त्सेन ऊअर’. शब्द पाच झाले, पण ‘कधी?’चं उत्तर एकच. त्याच्या लगेच पुढे क्रियापद.

इतकंच कशाला, अख्खं उपवाक्यही पहिला तुकडा होऊ शकतं. ‘मी घरी आले की चहा पिते’ हे जर्मनमध्ये ‘वेन इश नाख हाउझं कॉमं, ट्रिंकं इश टे’. स्वल्पविरामाच्या आधीचं सगळं मिळून ‘कधी?’चं उत्तर आहे, म्हणून त्यानंतर लगेच ‘ट्रिंकं’, म्हणजे ‘पिते’. शेजारी शेजारी दोन क्रियापदं दिसली की विद्यार्थी दचकतात आणि एक पुसून टाकतात. पुसू नका, बरोबर आहे ते.

हा स्वल्पविराम उपवाक्यापुरताच हं. नुसत्या ‘उद्या’ किंवा ‘सोमवारी’नंतर तो देत नाहीत. इंग्रजीच्या सवयीने आपण देतो, आणि एकदा तिथे थांबलो की पुढे ‘इश’ येणार हे ठरलेलंच. लिहिताना स्वल्पविराम गाळलात तर अर्धी चूक तिथेच टळते.

‘आणि’, ‘पण’ यांच्यासाठीचे ‘उन्ट’ आणि ‘आबर’ मात्र मोजायचे नाहीत. ते दाराबाहेरच उभे असतात. ‘पण उद्या येते मी’ म्हणजे ‘आबर मॉर्गन कॉमं इश’.

एक निरोप, चार ओळी

ए-वनच्या लेखी परीक्षेत एक फॉर्म भरायचा असतो आणि साधारण तीस शब्दांचा छोटा निरोप लिहायचा असतो. सरावासाठी मी विषय दिला होता: सोमवारची डॉक्टरांची वेळ तुम्हाला जमत नाही, कारण सांगा आणि दुसरी वेळ मागा. इंदूरच्या एका विद्यार्थिनीने लिहिलं:

‘आम मोनटाग इश कान निश्त कॉमन. झाइट गेस्टर्न इश हाबं फीबर. आम मिटवॉख इश हाबं त्साइट. वान कान इश कॉमन?’

अर्थ असा: सोमवारी मी येऊ शकत नाही. कालपासून मला ताप आहे. बुधवारी मला वेळ आहे. मी कधी येऊ शकते? (‘कान’ म्हणजे इथे ‘शकते’. आपला कान नव्हे!)

पहिल्या तीन ओळींत तीच चूक आणि चौथी मात्र अगदी बरोबर. मी तिला विचारलं, “चौथी ओळ कशी काय बरोबर आली गं?” ती म्हणाली, “ते तर प्रश्नाचं वाक्य आहे ना मॅडम, प्रश्न तसाच असतो.”

उत्तर तिच्याच हातात होतं. ‘वान’ म्हणजे कधी. ‘वान कान इश कॉमन?’ यात पहिला तुकडा ‘कधी’, दुसरा ‘शकते’, तिसरा ‘मी’. आता ‘वान’ पुसा आणि त्याच जागी उत्तर ठेवा, ‘आम मोनटाग’. बाकी काही हलवू नका. ‘आम मोनटाग कान इश...’ झालं! ‘तुम्ही राहता कुठे’, ‘तुमचं नाव काय’ हे प्रश्न आपण पहिल्या आठवड्यात पाठ करतो आणि त्यात क्रियापद दुसऱ्या जागीच असतं. विधानाचा साचा तोच आहे. वेळेने सुरू होणारं वाक्य अडलं की मनात आधी ‘वान’वाला प्रश्न म्हणा.

तिने दुरुस्त केलेल्या ओळी अशा: ‘आम मोनटाग कान इश निश्त कॉमन. झाइट गेस्टर्न हाबं इश फीबर. आम मिटवॉख हाबं इश त्साइट.’

पहिल्या ओळीत आणखी एक गंमत आहे. ‘येऊ शकत नाही’मध्ये क्रियापदाचे दोन भाग आहेत. ‘मी’प्रमाणे बदलणारा भाग ‘कान’, तो दुसऱ्या जागी. मूळ क्रिया ‘कॉमन’ थेट वाक्याच्या शेवटी. भूतकाळातही असंच: ‘काल मी काम केलं’ म्हणजे ‘गेस्टर्न हाबं इश गेआरबायटेट’. खिळा एकाच भागाला असतो, दुसरा भाग शेवटी जातो. इंग्रजीवाल्यांना हा शेवट फार छळतो. आपल्याला मात्र क्रियापदाची शेवटपर्यंत वाट पाहायची जन्मापासून सवय आहे.

चुकलं तर काय होतं?

खरं सांगायचं तर ‘मॉर्गन इश कॉमं’ म्हटल्याने दुकानात किंवा बसमध्ये तुमचं काही अडणार नाही, समोरच्याला कळतं. बर्लिनसारख्या शहरांत वेगवेगळ्या भाषांच्या घरांतून आलेली तरुण मुलं आपापसांत असा क्रम वापरतात, आणि भाषाशास्त्रज्ञांनी त्या बोलीचा अभ्यासही केला आहे. ए-वनच्या निरोपातही मुख्यतः मुद्दे आले का आणि कळतात का, हे पाहतात.

अडतं ते पुढे. बी-वनच्या लेखी परीक्षेत वाक्यरचनेला वेगळे गुण असतात, आणि जर्मन नागरिकत्वासाठी भाषेची पातळी बी-वनच लागते. वर्षभर रोज म्हटलेलं ‘मॉर्गन इश’ तोवर जिभेवर इतकं बसलेलं असतं की नियम माहीत असूनही तेच निघतं. ए-वनला लक्ष दिलं नाही तर हे काम नंतर दुप्पट होतं, हा माझा वर्गातला अनुभव.

सुटकेचा एक मार्ग नेहमी असतो. गोंधळ उडाला तर ‘मी’ने सुरुवात करा आणि वेळ मागे ठेवा: ‘इश कॉमं आम मिटवॉख’. हे शंभर टक्के बरोबर आहे. फक्त पाचही वाक्यं ‘इश’ने सुरू झाली तर पत्र ‘मी मी मी’ करत बसतं.

आता तुमची पाळी. ‘पुढच्या आठवड्यात माझी आई येते’ हे करून बघा. ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणजे ‘नेक्स्टं वॉखं’, ‘माझी आई’ म्हणजे ‘मायनं मुटर’, आणि आईसाठी ‘कॉमं’चं ‘कॉम्ट’ होतं. आधी मराठीतच दारात उभं राहून म्हणा, “पुढच्या आठवड्यात येते माझी आई.” मग तसंच जर्मनमध्ये: ‘नेक्स्टं वॉखं कॉम्ट मायनं मुटर.’